क्यूबचा शेवटचा थर : चार वळणांचा हिशेब

पांढरी बाजू तळाशी धरून रुबिकच्या क्यूबचे खालचे दोन थर जुळवले की उरतो वरचा पिवळा थर. नवशिक्यांच्या पद्धतीत तो चार टप्प्यांत जुळतो. आधी पिवळा क्रॉस, मग कडांचे तुकडे आपापल्या जागी, मग कोपरे जागी, आणि शेवटी कोपऱ्यांचा पिवळा रंग वर. तिसऱ्या टप्प्यात कोपरा वाकडा असला तरी चालतो. पिवळा-लाल-हिरवा कोपरा लाल आणि हिरव्या बाजूंच्या मध्ये आला, की तो जागेवर आहे असे समजायचे.

बहुतेक जण अडकतात चौथ्या टप्प्यात. खरे तर त्याला चारच वळणे लागतात : R' D' R D. उजवी बाजू खाली, तळ डावीकडे, उजवी बाजू वर, तळ उजवीकडे. वाकडा कोपरा समोर उजव्या हाताला वर धरायचा आणि त्याचा पिवळा रंग वर येईपर्यंत ही चौकडी करत राहायची.

समजा, दोन कोपरे वाकडे आहेत. पहिल्याचा पिवळा रंग उजवीकडे आहे. चौकडी दोनदा केली की तो वर येतो, पण खालचे थर विस्कटलेले दिसतात. इथेच घाबरून लोक क्यूब उलटसुलट फिरवतात आणि सगळे बिघडते. क्यूब तसाच धरून फक्त वरचा थर फिरवायचा आणि दुसरा वाकडा कोपरा त्याच जागी आणायचा. त्याचा पिवळा रंग समोर असेल, तर चौकडी चारदा करावी लागते. ती पुरी होताच खालचे थर आपोआप जुळतात. मग वरचा थर फिरवून रंग मिळवले की काम झाले.

हे घडते कारण ही चौकडी सहा वेळा केली की क्यूब पूर्वस्थितीला येतो. वरच्या थरात ती त्या एका कोपऱ्यालाच हात लावते, बाकी उलथापालथ खाली होते. दोन आणि चार मिळून सहा झाले, म्हणून खालचा भाग सावरला. तीन कोपरे वाकडे असतील तर प्रत्येकी दोन म्हणजे सहा, किंवा प्रत्येकी चार म्हणजे बारा. बेरीज नेहमी सहाच्या पटीत येते. मात्र प्रत्येक चौकडीतले शेवटचे वळण पुरे करायला हवे. पिवळा रंग वर दिसला म्हणून तळाचे वळण गाळले, तर हिशेब तिथेच चुकतो.

एकच कोपरा वाकडा उरला, तर पद्धतीला दोष देऊ नये. नुसत्या वळणांनी क्यूब त्या अवस्थेत येऊच शकत नाही. कुणीतरी तो उघडून चुकीचा जोडलेला असतो, नाहीतर कोपरा जागच्या जागी पिळला गेलेला असतो. अशा वेळी तो कोपरा हातानेच पिळून सरळ करावा, दुसरा उपाय नाही.