मग घरी काय थाप मारलीस?

स्थळ पाहण्यातून ओळख झालेली दोघं पहिल्यांदा एकटी कॉफीला बसली की बोलणं साधारण असं होतं. ‘प्रवास आवडतो?’ ‘हो.’ ‘सिनेमे?’ ‘बघते कधीकधी.’ माहिती मिळते, मजा मात्र येत नाही. दोष लाजण्याचा नसून प्रश्नाचा आहे. ‘हो’ म्हणून सुटता येत असेल, तर माणूस सुटतोच.

तोच प्रश्न असा विचारून पाहा: ‘घरी एक सांगून भलतीकडेच गेलीस, असं कधी झालंय?’ यात एक गोड आरोप आहे. समोरची व्यक्ती थोडी उचापती असणार, हे तुम्ही हसत हसत गृहीत धरलंय. फ्लर्टिंग म्हणतात ते इथेच असतं. डोळ्यांची किंवा केसांची तारीफ नंतरही करता येते. शिवाय आरोप नाकारायचा तरी गोष्ट सांगावी लागते. ‘छे, मी नाही त्यातली! एकदाच फक्त...’

समजा ती म्हणाली, ‘अभ्यासाला जाते सांगून मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेले होते. परतताना लोकल चुकली.’ बहुतेक जण इथे घसरतात आणि स्वतःची लोणावळ्याची सहल सांगू लागतात. त्याऐवजी ‘मग घरी काय थाप मारलीस?’ असं विचारावं. ती रंगात आली की पुढचा: ‘आणि आज माझ्याबद्दल काय सांगून आलीस?’ लोणावळ्यापासून सुरू झालेलं बोलणं आता दोघांवर आलं. त्यानंतर आपलीही एखादी फजिती सांगावी, नाहीतर ती उलटतपासणी वाटते.

उत्तराचाच धागा धरून विचारलेल्या अशा पुढच्या प्रश्नांचं वजन मोठं असतं. हार्वर्डमधल्या कॅरेन हुआंग, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पीड-डेटिंगमधली संभाषणंही तपासली होती. असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाले होते.

प्रश्न मोकळा असावा, पण मैदानाएवढा नको. ‘स्वतःबद्दल काहीतरी सांग’ म्हटलं की समोरच्याला नोकरीची मुलाखत आठवते. प्रसंग, जागा किंवा वय यांतलं काहीतरी एक पकडून द्यावं: ‘शाळेत कोणत्या गोष्टीसाठी बाकावर उभी राहिलीस?’ ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मात्र जपून. ‘अजून लग्न का नाही केलंस?’ हे कितीही लाडात विचारलं तरी आत्याबाईंचंच वाटतं. शरीराविषयी आणि जुन्या प्रेमाविषयी तर पहिल्या भेटीत नकोच.

मुलीने मुलाला विचारतानाही हेच लागू. उलट मुलांना असे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, त्यामुळे ‘आईला अजून माहीत नसलेला तुझा पराक्रम कोणता?’ यावर गडी लगेच खुलतो.

एवढं करूनही सलग दोन-तीन उत्तरं तुटक आली, उलट प्रश्न एकही आला नाही आणि नजर फोनकडे जाऊ लागली, तर आणखी गमतीदार प्रश्न शोधत बसू नये. साध्या गप्पा माराव्यात आणि वेळेत बिल मागवावं.