कूलर ओलावा देतो, एसी काढून घेतो

घरचा कूलर ओल्या ताट्यांतून हवेत ओलावा सोडतो. सीताबर्डीच्या ऑफिसातला एसी हवेतलं पाणी नळीवाटे बाहेर टाकतो. त्यात नागपूरचा उन्हाळा मुळातच कोरडा. आठ-नऊ तासांत डोक्याची कातडी ताणते, खांद्यावर भुसा पडतो.

पापुद्रे बारीक, पांढरे, सुटे असतील तर तो कोरडेपणा. रात्री चमचाभर खोबरेल मुळांशी लावा, सकाळी कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, तोही आठवड्यातून दोनदाच. एसीचा झोत डोक्यावरून वळवा.

पापुद्रे पिवळसर, चिकट असतील तर मात्र तेल नकोच. कोंड्याची बुरशी त्यावरच पोसते. तिथे किटोकोनाझोलचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुवा. चार आठवड्यांत उतार नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.