नारळपाणी का नको? किडनीच्या आजाराचा एक नकाशा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मेडिकल-सर्जिकल विषयात एक असाइनमेंट असते. वॉर्डातला एक पेशंट निवडायचा आणि त्याच्या आजाराचा संकल्पना नकाशा काढायचा. मधोमध आजार, भोवती चौकटी आणि चौकटींना जोडणारे बाण. कॉर्नेल विद्यापीठातल्या जोसेफ नोव्हाक यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत मांडली, तेव्हा बाणावर त्या दोन चौकटींचं नातं शब्दांत लिहायचं हा तिचा गाभा होता. घाईत नेमकं तेच गळतं. जुनाट किडनी विकाराच्या नकाशात तर त्यामुळे चक्क चुकीची शुश्रूषा लिहिली जाते.

समजा, ५४ वर्षांचे एक गृहस्थ भरती झालेत. मधुमेह १५ वर्षांचा. पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते, अंगात त्राण नाही. क्रिएटिनिन ८, हिमोग्लोबिन ७.६, पोटॅशियम ५.९ आणि दिवसभरात लघवी जेमतेम ४०० मिली.

नकाशा सुरू होतो नेफ्रॉनपासून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्यांपासून. एका किडनीत त्या साधारण १० लाख असतात. मधुमेहाने काही निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचं काम अंगावर घेतात. म्हणून कित्येक वर्षं त्रास जाणवत नाही. पण त्या वाढलेल्या दाबानेच उरलेल्याही झिजत जातात.

इथून एक बाण साठलेल्या पाण्याकडे जातो. मीठ आणि पाणी बाहेर पडत नाही, म्हणून ते पायांत उतरतं आणि फुप्फुसांत भरतं. यावर सिस्टरच्या हातातलं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्यायचं. एका दिवसात एक किलो वाढलं, तर साधारण एक लिटर पाणी अंगात राहिलं. पिण्याची मर्यादा डॉक्टर ठरवतात. आदल्या दिवसाची लघवी अधिक ५०० मिली असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे आपल्या पेशंटला ९०० मिली, आणि त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. पापड-लोणचं चालूच असेल तर ही मर्यादा पाळणं अशक्य होतं, कारण मीठ तहान लावतं. आधी मीठ कमी करायचं ते यासाठी.

दुसरा बाण थकव्याकडे. रक्तपेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीतच तयार होतं. किडनी आटली की निरोप जात नाही, हिमोग्लोबिन उतरतं. उपाय म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं लोह आणि एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. या इंजेक्शनने रक्तदाब चढू शकतो, म्हणून तो नियमित मोजायचा. पण बाणावर हे कारण लिहिलेलं नसलं की थकव्यापुढे सवयीने लिहिलं जातं: 'पौष्टिक आहार, फळं, नारळपाणी'. घरची माणसंही मायेने तेच घेऊन येतात.

आता तिसरा बाण पाहा. किडनी पोटॅशियमही बाहेर टाकत नाही, ते रक्तात साचतं. नेहमी ३.५ ते ५ असायला हवं, ते इथे ५.९ आहे. पेलाभर नारळपाण्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. थकव्याच्या चौकटीतून पोटॅशियमच्या चौकटीकडे आडवा बाण काढला असता, तर ही सूचना तिथेच खोडली गेली असती. मिठाच्या चौकटीतूनही असाच आडवा बाण हवा. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे विकत मिळतं, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

पोटॅशियम वाढल्याचं पेशंटला कळेलच असं नाही. स्नायू ढिले पडतात, नाडी मंदावते किंवा काहीच जाणवत नाही. ईसीजीत मात्र टी लहर उंच आणि टोकदार दिसू लागते. फार वाढलं तर कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. ते हृदयाला थोडा वेळ सांभाळतं, पोटॅशियम उतरवत नाही. ग्लुकोजबरोबर दिलेलं इन्शुलिन त्याला पेशींत ढकलतं. शरीराबाहेर काढायला बहुतेकदा डायलिसिसच लागतं. आणि आजारी किडनी इन्शुलिन लवकर मोडू शकत नाही, त्यामुळे ते रक्तात रेंगाळतं. म्हणून त्यानंतर कित्येक तास रक्तातली साखर पुन्हा पुन्हा तपासायची. घरी इन्शुलिन घेणाऱ्यांचं हेच होतं. 'साखर सुधारली' म्हणून आनंद होतो, खरं तर किडनी आणखी खालावलेली असते आणि डोस कमी करायची वेळ आलेली असते.

डायलिसिस झालं की नकाशा नव्याने काढावा लागतो. समजा, वजन दोन किलोंनी उतरलं आणि रक्तदाब १००/६० वर आला. सकाळी ज्यांच्या अंगात पाणी जास्त होतं, तेच गृहस्थ आता उठताना भोवळ येऊन पडू शकतात. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, रक्तदाब पुन्हा बघायचा आणि मगच उभं करायचं. ज्या हातावर फिस्चुला केलेली आहे, त्या हाताला मात्र पट्टा बांधायचा नाही.