लेक उंच आहे, मोठी नाही

गेल्या महिन्यात उर्से गावातली एक आई आमच्याकडे घडी घातलेला वहीचा कागद घेऊन आली. पत्र डॉक्टरांना लिहिलेलं होतं. ओपीडीत रांग असते, लेक शेजारी उभी असते, तिच्यासमोर सगळं बोलवत नाही, म्हणून तिने लिहून आणलं होतं. “ताई, एवढं नीट करून द्या,” म्हणाली. तिच्या परवानगीने, नाव न देता, ते पत्र इथे देत आहोत.

“डॉक्टर साहेब, सविनय जय भीम. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत आहे. वर्गातल्या सगळ्या मुला-मुलींपेक्षा डोकंभर उंच आहे. माझ्याही वर गेली. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवतात. ती पाठ वाकवून चालते. मागच्या वर्षी ती शहाणी झाली. आता नातेवाईक म्हणतात, एवढी वाढली, पुढे हिच्या उंचीचा नवरा कुठून आणणार? एक स्थळही सांगून आलं. मी तिचं दूध आणि अंडी बंद केली आहेत, तरी उंची थांबत नाही. ती सहा फूट होईल का? उंची थांबवायचं औषध असेल तर द्यावे. काही रोग असेल तर तेही सांगावे.”

पत्रात आईची सगळी काळजी होती, पण डॉक्टरांना ज्यावरून काही ठरवता येईल असा एकही आकडा नव्हता. ‘डोकंभर उंच’ म्हणजे किती? कधीपासून? आईबाप स्वतः किती उंच? म्हणून आम्ही आधी पत्र बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो.

उंची मोजायची कशी

दाराच्या चौकटीला उभं करून डोळ्यांच्या अंदाजाने मोजलं तर दोन-तीन सेंटिमीटरची चूक सहज होते. मुलीला अनवाणी, अंबाडा किंवा वेणी सोडून, सपाट भिंतीला टेकवून उभं करावं. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला लागलेले असावेत, नजर समोर असावी. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजावं. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. असं सहा महिन्यांनी एकदा केलं की पुरे. दर आठवड्याला मोजलं तर मोजण्यातली चूकच वाढ म्हणून दिसते.

मुलगी भरली १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. वय बारा वर्षं एक महिना. आई १६३, वडील १७८.

एका आकड्यावरून रोग आहे की नाही हे कळत नाही. मागचे आकडे हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणीला पथक येतं आणि उंची-वजन लिहून ठेवतं, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. या मुलीच्या शाळेतून दोन नोंदी मिळाल्या: दहा वर्षांची असताना १५१, अकराव्या वर्षी १५९.५. म्हणजे एका वर्षात साडेआठ सेंटिमीटर वाढली आणि त्यापुढच्या वर्षी साडेपाच. उंची अजून वाढते आहे, पण वेग उतरला आहे. आईला हेच दिसत नव्हतं.

मग वर्गात एवढी वेगळी का दिसते?

मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी वयात येतात. छातीला गाठ जाणवू लागली की उंचीचा जोर सुरू होतो. त्या जोरात मुलगी वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरही वाढते. पाळी येते तेव्हा हा जोर ओसरू लागलेला असतो. मुलांचा जोर पुष्कळदा तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो. त्यामुळे सातवीच्या वर्गात एखादी मुलगी जोर संपवत आलेली असते, शेजारचा मुलगा अजून सुरूही झालेला नसतो. दहावीच्या फोटोत हेच चित्र बदललेलं दिसतं.

तरीही ही मुलगी उंच आहेच, ते नाकारायचं कारण नाही. भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ साली नव्याने काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. तक्त्यात सात रेघा असतात. सर्वांत वरच्या रेघेच्या वर शंभरातल्या तीनच मुली असतात. आपली मुलगी त्या रेघेच्या थोडी वर आहे. पण दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षी, तिन्ही वेळा ती तिथेच आहे. डॉक्टर आधी हेच बघतात. रेघेला धरून चालणारं मूल एक, आणि खालच्या रेघेवरून अचानक वर उसळणारं मूल दुसरं. तपास मुख्यतः दुसऱ्याचा करावा लागतो.

ती सहा फूट होईल का?

मुलीची अपेक्षित उंची आईबापांवरून काढता येते. दोघांची उंची मिळवायची, मुलीसाठी त्यातून १३ वजा करायचे आणि दोनने भागायचं. १७८ आणि १६३ मिळून ३४१. त्यातून १३ गेले, ३२८ राहिले. निम्मे १६४. यात आठेक सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे या घरातली मुलगी १५६ ते १७२ मध्ये कुठेही बसली तरी ती घरच्याच मापाची.

पाळी सुरू झाल्यानंतर मुली सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढतात. या मुलीला पाळी येऊन आठ महिने झाले, म्हणजे त्यातली काही वाढ झालेलीही आहे. आमच्या हिशोबाने ती १६९-१७० च्या आसपास थांबेल. सहा फूट म्हणजे १८३. आईला हा आकडा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा हसली. “म्हणजे बापाएवढीसुद्धा नाही होत?”

हा अंदाज आहे, खात्री नाही. खात्रीच्या जवळ जायचं तर डॉक्टर डाव्या हाताचा, मनगटासकट एक्स-रे काढतात. वाढत्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची फट असते. ती मिटत आली की वाढही संपत आली. एक्स-रेवरून ‘हाडाचं वय’ समजतं आणि किती वाढ उरली ते बऱ्यापैकी सांगता येतं.

रोगाच्या खुणा कोणत्या

आईच्या शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही चार गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट, वयात कधी आली. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली किंवा दहाच्या आत पाळी आली तर लगेच डॉक्टरांकडे जावं. अशी मुलगी आधी सगळ्यांपेक्षा उंच दिसते, पण हाडं लवकर मिटल्याने पुढे बुटकी राहते. आमच्या मुलीची पाळी सव्वाअकराच्या पुढे आली, तिथे काही चुकीचं नाही.

दुसरी, हातपाय. दोन्ही हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजावं. हे माप उंचीपेक्षा बरंच जास्त भरलं, बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांबसडक असली, अंगठा मुठीत दाबला तर नख करंगळीच्या बाजूने बाहेर आलं, चष्म्याचा नंबर फार मोठा असला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असलं, तर मारफान नावाच्या आजाराची शंका घेतात. त्यात हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगू शकते, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करतात. या मुलीचं हातांचं माप १६६ भरलं. उंचीएवढंच.

तिसरी, डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं, चपलेचा नंबर सारखा बदलणं, किंवा खाऊनही वजन घटणं, धडधड, हाताला कंप, गळ्याला सूज. यातलं काही असेल तर मेंदूतल्या ग्रंथीची किंवा थायरॉइडची तपासणी लागते.

चौथी, पाठ. भरभर वाढणाऱ्या मुलींच्या कण्याला बाक येऊ शकतो. मुलीला पुढे वाकायला सांगून मागून बघावं. एका बाजूच्या फासळ्या वर आलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावं. या मुलीची पाठ सरळ होती. ती वाकून चालत होती ती लाजेने.

औषध आणि दूध-अंडी

उंची थांबवायचं औषध पूर्वी दिलं जात असे. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून पुढची तीसेक वर्षं उंच मुलींना स्त्री-संप्रेरकाचे मोठे डोस दिले गेले. हेतू रोग बरा करण्याचा नव्हता, मुलगी ‘फार उंच’ दिसू नये एवढाच होता. त्या मुली बाया झाल्यावर त्यांची पाहणी झाली आणि २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. औषध घेतलेल्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागत होता, उपचारही जास्त घ्यावे लागले होते. निरोगी मुलीला लोकांच्या नजरेसाठी औषध द्यायचं नाही, हा धडा तिथे मिळाला. आणि आपल्या मुलीची बहुतेक वाढ होऊन गेलेली आहे.

दूध-अंडी बंद केल्याने उंची आईबापांकडून आलेल्या मापाखाली हवी तशी आणता येत नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीचं रक्त आणि हाडं मात्र कमजोर होतात. आम्ही तिच्या पापण्या उलटून पाहिल्या, फिक्या होत्या. अंडी, दूध, डाळ, पालेभाजी पुन्हा सुरू करायला सांगितलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घरी आणून टाकून देत होती, ती जेवणानंतर घ्यायला सांगितली.

डॉक्टरांनी न लिहिता सांगायची गोष्ट

त्या ‘स्थळा’बद्दल आईने एकच ओळ लिहिली होती. आम्ही त्यावर सर्वांत जास्त वेळ बसलो. उंची हाडांची असते, वय जन्मदाखल्याचं. १६५ सेंटिमीटरची बारा वर्षांची मुलगी मनाने आणि कायद्याने बाराच वर्षांची आहे. अठराच्या आत तिचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हे बालविवाह रोखण्याचे अधिकारी असतात. आणि ‘मोठी दिसते’ म्हणून कुणी तिच्याशी बाईसारखं वागलं, हात लावला, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. ‘मला वाटलं मोठी आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही. १०९८ हा नंबर आईने मुलीकडूनच भिंतीवर लिहून घेतला.

शेवटी पत्र नव्याने लिहिलं. त्यात तीन वर्षांच्या तीन उंची, आईबापांची उंची, पाळीची तारीख, हातांचं माप, पापण्या फिक्या असल्याची नोंद, आणि दोन प्रश्न: रक्त तपासावं का, हाताचा एक्स-रे लागेल का? औषधाची मागणी आईने स्वतःच खोडली.

डॉक्टरांनी पत्र वाचून रक्ततपासणी लिहून दिली. हिमोग्लोबिन १०.२ आलं, म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. एक्स-रेची सध्या गरज नाही, सहा महिन्यांनी उंची मोजून या, म्हणाले. परत निघताना मुलीने आम्हाला हळूच विचारलं, शेवटच्या बाकावरून फळा दिसतो, पण पुढची मुलं तिच्याकडे वळून हसतात, मग काय करू? त्याचं उत्तर तपासणीत नव्हतं. आई म्हणाली, “उद्या मी शाळेत येते.” ती गेली. आता मुलगी मधल्या रांगेत भिंतीच्या कडेला बसते. तिथून मागच्या कुणाचा फळा अडत नाही.