भंगारात जाण्याआधी डिस्क कोरी कशी होते

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहणाऱ्या एका संगणक सल्लागाराने ऑनलाइन लिलावात काही जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्या संगणकाला जोडून पाहिल्या, तर आत मॉर्गन स्टॅन्ले या बड्या वित्तसंस्थेची माहिती जशीच्या तशी होती. गृहस्थ सरळमार्गी निघाला. त्याने कंपनीलाच ईमेल करून कळवलं की तुमचा डेटा माझ्या हाती आलाय. कंपनीने त्या डिस्क त्याच्याकडून परत विकत घेतल्या.

पुढे चौकशीत जे बाहेर आलं ते ऐकून कोणत्याही आयटी विभागाने कपाळावर हात मारावा. २०१६ च्या सुमारास कंपनीने आपली दोन डेटा सेंटर्स बंद केली आणि तिथलं सामान हलवण्याचं काम सामानाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीला दिलं. या कंपनीला डेटा नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. तिने हजारो उपकरणं एका तिसऱ्याच कंपनीला विकली आणि तिथून ती इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचली. त्यातली बहुतेक कधीच परत मिळाली नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने कंपनीला ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा होता.

या डिस्क विकण्याआधी त्यांचं नेमकं काय करायला हवं होतं? उत्तर एक नाही, कारण ते डिस्कच्या आत काय आहे त्यावर ठरतं. आणि गफलत नेमकी इथेच होते.

फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा डिस्क ‘क्विक फॉरमॅट’ केल्याने डेटा जात नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पानं तशीच राहावीत, तसला हा प्रकार. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोन संशोधकांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या.

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरचा सरळ उपाय म्हणजे ओव्हररायटिंग. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं किंवा काहीही निरर्थक लिहून काढायचं. किती वेळा? इथे एक जुनी दंतकथा अजून जिवंत आहे. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी एका शोधनिबंधात ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली. ते ३५ नमुने त्या काळातल्या वेगवेगळ्या डिस्कच्या वेगवेगळ्या लेखनपद्धतींसाठी होते. एकाच डिस्कवर सगळे वापरण्यात अर्थ नाही, असं खुद्द गुटमन यांनीच नंतर लिहिलं. तरी ‘३५ पास’चं बटण अनेक सॉफ्टवेअरमध्ये दिमाखात बसलेलं आहे. आजच्या हार्ड डिस्कवर बिट इतके दाटीवाटीने लिहिलेले असतात की एकदा नीट लिहून काढलं की जुनं वाचता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही साध्या वापरासाठी एक फेरी पुरेशी मानली आहे. १ टीबीच्या डिस्कला एका फेरीला दोन-सव्वादोन तास लागतात. ३५ फेऱ्या म्हणजे तीन दिवसांहून जास्त, आणि हाती जादा काहीच नाही.

खरी अडचण फेऱ्यांच्या संख्येत नाही, जिथे लिहिताच येत नाही त्या जागांत आहे. डिस्कचा एखादा सेक्टर खराब होऊ लागला की डिस्क तो गुपचूप बाजूला काढते आणि राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. बाजूला पडलेल्या सेक्टरवर जुना डेटा राहू शकतो आणि संगणकाला तो दिसतच नाही. घरच्या फोटोंच्या डिस्कसाठी एवढ्याने घाबरायचं कारण नाही. बँकेच्या डिस्कसाठी मात्र विचार करावा लागतो.

एसएसडीमध्ये हीच अडचण अपवाद न राहता नियम होते. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो. म्हणून एसएसडीचा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटतो. तुम्ही ‘त्याच जागी’ लिहिलं असं वाटतं, प्रत्यक्षात नवा मजकूर दुसऱ्याच कप्प्यात जातो आणि जुना काही काळ तसाच पडून राहतो. शिवाय जाहीर क्षमतेपेक्षा जास्त फ्लॅश आत राखीव असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडीच्या चिप्स काढून थेट वाचल्या. संपूर्ण डिस्क दोनदा लिहून काढली तर बहुतेक वेळा काम झालं, पण दर वेळी नाही. एकेक फाइल निवडून पुसण्याच्या पद्धती तर साफ फसल्या. एका डिस्कने ‘पुसलं’ असा निर्वाळा दिला आणि डेटा जागच्या जागी होता.

डीगॉसिंग हा त्यामानाने दांडगा प्रकार. डिस्कवरचा डेटा म्हणजे चुंबकीय दिशांची नक्षी. प्रचंड ताकदीच्या चुंबकीय क्षेत्रातून डिस्क नेली की ही नक्षी विस्कटते. काम काही सेकंदांत होतं आणि डिस्क सुरू होत नसली तरी चालतं. हा त्याचा मोठा फायदा, कारण मेलेल्या डिस्कवर ओव्हररायटिंग करणार कसं? मात्र डेटाबरोबर कारखान्यात लिहिलेल्या दिशादर्शक खुणाही पुसल्या जातात. हेडला ट्रॅक सापडत नाही आणि डिस्क कायमची निकामी होते. ती पुन्हा विकता येत नाही, आणि आत काही उरलंय का हे वाचूनही बघता येत नाही.

म्हणून इथे सगळा भरवसा यंत्राच्या ताकदीवर. चुंबकीय माध्यम जितका विरोध करतं तो ओर्स्टेडमध्ये मोजतात आणि अलीकडच्या डिस्कसाठी तो काही हजारांत जातो. जुन्या टेपसाठी घेतलेलं डीगॉसर नव्या डिस्कवर फिरवलं, तर डिस्क बिघडेल पण चकत्यांवरचा डेटा कदाचित उरेलही. उष्णतेच्या मदतीने लिहिणाऱ्या नव्या जास्त क्षमतेच्या डिस्कचं माध्यम तर आणखी हट्टी असतं. एसएसडी, पेनड्राइव्ह किंवा मोबाइलच्या मेमरीवर डीगॉसिंगचा काहीच परिणाम होत नाही, कारण तिथे डेटा चुंबकाने नाही, विद्युतभाराने साठवलेला असतो. भंगारवाल्याने ‘सगळ्या डिस्क डीगॉस केल्या’ असं प्रमाणपत्र दिलं आणि त्यात एसएसडीही असतील, तर तो कागद रद्दीत टाकावा.

तिसरा मार्ग क्रिप्टोग्राफिक इरेजचा. डिस्कवर लिहिलेलं सगळं आधीपासून एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर ती माहिती उलगडणारी एक छोटी किल्ली पुसली की झालं. १ टीबीचा डेटा जागेवरच राहतो, पण निरर्थक होऊन. कामाला क्षणभर लागतो आणि डिस्क वापरण्याजोगी राहते. अनेक एसएसडी आतल्या आत सगळंच एन्क्रिप्ट करतात, मालकाने पासवर्ड लावलेला असो वा नसो. अशा डिस्कला किल्ली बदलण्याचा हुकूम देता येतो.

पण अटी कडक आहेत. एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून चालू असायला हवं. मॉर्गन स्टॅन्लेच्याच दुसऱ्या प्रकरणात शाखांमधले ४२ सर्व्हर बेपत्ता झाले. त्या उपकरणांत एन्क्रिप्शनची सोय होती, कंपनीने ती वर्षानुवर्षं चालूच केली नव्हती. किल्ली पुसून तिथे उपयोग शून्य. दुसरी अट डिस्कच्या अंतर्रचनेची. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड व्हान गॅस्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी उघड्या पाडल्या. काहींत पासवर्ड आणि किल्ली यांचा नीट संबंधच नव्हता. एका मॉडेलमध्ये किल्ली ठेवण्याची जागाही झीज वाटण्याच्या फेऱ्यात होती, त्यामुळे किल्लीची जुनी, उघडी प्रत मागे राहू शकत होती.

समजा, एखाद्या पतसंस्थेला तीन संगणक काढायचे आहेत. पहिल्यात १ टीबीची चालू हार्ड डिस्क आहे. तिच्यासाठी एक फेरी ओव्हररायटिंग, आणि मग ती खरंच कोरी झाली का याची तपासणी. लिनक्समध्ये, डिस्कचं नाव दोनदा पडताळून:

```
shred -v -n 0 -z /dev/sdb
cmp /dev/sdb /dev/zero
```

पहिली ओळ सगळीकडे शून्यं लिहिते. दुसरी सगळी डिस्क वाचून बघते. तिने डिस्क संपल्याची `EOF` सूचना दिली तर आत फक्त शून्यं आहेत. ‘differ’ असं आलं तर काहीतरी उरलंय. लिहिताना किंवा वाचताना त्रुटी येऊ लागल्या, तर डिस्क विकायचा विचार सोडून तिची चाळण करणं बरं.

दुसऱ्या संगणकात एनव्हीएमई एसएसडी आहे. तिला तिचाच हुकूम द्यायचा:

```
nvme sanitize /dev/nvme0 --sanact=4
nvme sanitize-log /dev/nvme0
```

४ म्हणजे किल्ली नष्ट करणं, २ म्हणजे सगळे कप्पे विद्युतरीत्या रिकामे करणं. डिस्कला दोन्ही जमत असतील तर एकामागून एक दोन्ही करावेत. निर्मात्याच्या एन्क्रिप्शनवर आंधळा विश्वास नको, हा रॅडबाउडचा धडा. लॉगमध्ये काम पूर्ण झाल्याची नोंद दिसली तरच पुढे जायचं.

तिसरा लॅपटॉप बिटलॉकर लावलेला आहे आणि संस्थेतले सगळे त्यामुळे निर्धास्त आहेत. इथे `manage-bde -status` चालवून बघावं. ‘Used Space Only Encrypted’ असं दिसलं, तर एन्क्रिप्शन लावलं त्या वेळी रिकाम्या दिसणाऱ्या जागेतला, म्हणजे त्याआधी डिलीट झालेला डेटा, उघडाच राहिलेला असू शकतो. अशा वेळी किल्ली पुसण्यावर विसंबू नये. आणि बिटलॉकरची रिकव्हरी की छापून कपाटात ठेवलेली असेल किंवा कुणाच्या ऑनलाइन खात्यात असेल, तर ती प्रतही नष्ट व्हायला हवी.

काम झाल्यावर प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, पद्धत, तारीख, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव एका कागदावर उतरवायचं. अमुक डिस्क कधी आणि कोणी पुसली हे असल्या नोंदीशिवाय सांगता येत नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा हा कागद फाइलमध्ये असलेला बरा.

एक वाट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वॉरंटीत असताना डिस्क बिघडली की निर्माता नवी देतो आणि जुनी परत मागतो. बिघडलेली असल्याने ती पुसता येत नाही, आणि डीगॉस केली तर वॉरंटीचा दावा बुडू शकतो. म्हणून मोठे ग्राहक सर्व्हर घेतानाच थोडे जादा पैसे भरून बिघडलेली डिस्क स्वतःकडे ठेवण्याची सवलत करारात घालून घेतात आणि मग ती चिरडायच्या यंत्रात टाकतात.