हसरा चेहरा खोडायचा की ठेवायचा?

ग्राहकाला किंवा वरिष्ठांना जाणारा महत्त्वाचा ईमेल पाठवण्याआधी कुणाकडून तरी तपासून घ्यायची पद्धत बऱ्याच कार्यालयांत आहे. तपासणाऱ्याला वाक्याच्या शेवटी 🙂 दिसला, की हात थेट डिलीटकडे जातो. चिन्ह काढावं हा निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण ते का काढायचं आणि काढल्यावर वाक्याचं काय होतं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज मेल लिहिणाऱ्यांचा: स्मायली टाकली की मजकूर आपुलकीचा वाटतो. एला ग्लिकसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात २९ देशांतल्या ५४९ लोकांचा सहभाग होता. अनोळखी सहकाऱ्याकडून आलेला कामाचा मेल काहींना स्मायलीसह वाचायला दिला, काहींना स्मायलीशिवाय. स्मायलीमुळे पाठवणारा अधिक प्रेमळ वाटला नाही, उलट कामात कमी सक्षम वाटला. त्याला उत्तर देणाऱ्यांनी माहितीही कमी दिली. ओळख नसताना आणि प्रसंग औपचारिक असताना हे घडतं, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. समोरच्यानेच आधीच्या मेलमध्ये हसरा चेहरा पाठवला असेल, तर उत्तरातला हसरा चेहरा खटकण्याचं कारण नाही.

दुसरा समज असा, की आपण पाठवलेलं चिन्ह समोरच्याला जसंच्या तसं दिसतं. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत :) टाइप केलं की त्याचा आपोआप गोल चेहरा व्हायचा. प्रत्यक्षात तिथे विंगडिंग्ज फॉन्टमधलं J हे अक्षर असायचं. ज्याच्या मोबाइलवर किंवा मेलसेवेत तो फॉन्ट लागू होत नसे, त्याला ‘धन्यवाद J’ असं दिसायचं. नाराज चेहऱ्याच्या जागी L यायचा. मजकुरात असं एकटं J दिसलं, तर ती टंकनचूक किंवा कुणाच्या नावाचं आद्याक्षर समजू नये. इमोजींचंही तेच: युनिकोड फक्त चिन्हाचा क्रमांक आणि नाव ठरवतं, चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. 😁 हा चेहरा २०१६ पर्यंत अ‍ॅपलच्या फोनवर दात आवळून अवघडल्यासारखा दिसायचा आणि इतरत्र खुशीत हसताना. त्यामुळे चिन्हाचा अर्थ ठरवताना आपल्या पडद्यावर ते कसं दिसतं, एवढ्यावर विसंबता येत नाही.

तिसरा गैरसमज तपासणाऱ्यांचा, आणि माझ्या मते तोच जास्त महाग पडतो: इमोजी म्हणजे नुसती सजावट, ती पुसली तरी मजकूर तोच राहतो. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा 🪔’ मधली पणती पुसली तर खरंच काही बिघडत नाही. पण हिशेब विभागातून जुन्या ग्राहकाला जाणारा हा मेल पाहा:

‘आपले मार्चचे बिल अजून जमा झालेले नाही. शुक्रवारपर्यंत रक्कम भरावी, अन्यथा पुढील माल पाठवता येणार नाही 🙂’

इथे पूर्णविराम नाही, कारण त्याची जागा चेहऱ्याने घेतली आहे. लिहिणाऱ्याला तगाद्याची धार कमी करायची आहे. वाचणाऱ्याला मात्र धमकीपुढचं हसू कुत्सित वाटू शकतं. म्हणून चेहरा ठेवता येत नाही, आणि नुसता पुसला तर उरते ती कोरडी धमकी, जी लिहिणाऱ्याच्या मनात नव्हती. सूर बदलण्याचा अधिकार मुद्रितशोधकाचा नाही. त्याने पूर्णविराम द्यावा, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून चिन्ह काढावं आणि शेजारी शेरा लिहावा: ‘सूर सौम्य ठेवायचा आहे का? तसे असल्यास शेवट असा चालेल का: रक्कम पाठवली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे. काही अडचण असल्यास शुक्रवारपूर्वी कळवावे, म्हणजे पुढील माल थांबवावा लागणार नाही.’ चेहऱ्याकडून करून घ्यायचं काम आता शब्द करतात, आणि अंतिम निर्णय लिहिणाऱ्याकडेच राहतो. कार्यालयाच्या लेखनसंहितेत इमोजीला मनाईच असेल, तर ठेवायचं की नाही हा प्रश्न उरत नाही. तरीही शब्दांतला सूर तपासावाच लागतो.

एका ठिकाणी मात्र चिन्हाला हात लावायचाच नाही: दुसऱ्याचा मेल उद्धृत केलेला असतो तिथे. तक्रारीची चौकशी, खुलासा, न्यायालयात द्यायची कागदपत्रं, अशा मजकुरात चिन्ह हा पुराव्याचा भाग असतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सिल्क रोड’ या संकेतस्थळाचा खटला चालू असताना सरकारी पक्ष ऑनलाइन संभाषणं मोठ्याने वाचून दाखवत होता आणि त्यातल्या स्मायली वगळल्या जात होत्या. बचाव पक्षाने हरकत घेतली, तेव्हा ज्यूरीने ती चिन्हंही लक्षात घ्यावीत असं न्यायाधीश कॅथरिन फॉरेस्ट यांनी सांगितलं. म्हणून अहवालातल्या उद्धृत मेलमध्ये J दिसला, तर तो पुसण्याआधी मूळ मेल मागवून पाहावा, आणि तिथे चेहरा असेल तर अवतरणात तो चेहराच ठेवावा.