चमचाभर पाणी आणि दोन तासांची कूस

सासू-सुनेच्या नात्यावर उपदेश पुष्कळ झाला आहे. आम्हाला आज एका घरात घडलेली गोष्टच सांगायची आहे. घर आमच्या परिचयातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातले. मुलगा कुवेतला नोकरीला. घरी अम्मी, अब्बा, सून आणि शाळेत जाणारी दोन मुले. सासू-सुनेचे भांडण नव्हते, पण कामापुरतेच बोलणे होते.

एके दिवशी अब्बांना फजरच्या वुजूच्या वेळी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणे अडखळले. नऊ दिवसांनी त्यांना घरी आणले आणि खरी परीक्षा सुरू झाली.

दवाखान्यातून निघताना सुनेला बजावले होते की, यांची गिळण्याची ताकद कमी झाली आहे. पातळ पाणी घशातून झरकन उतरते आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून ताठ बसवूनच भरवायचे, घास छोटा द्यायचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. अम्मींना हे पटेना. नवरा पाण्यासाठी ओठ चाटतो आहे आणि सून पाणी देऊ देत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. एका दुपारी सून मुलांना आणायला गेली असताना त्यांनी निजल्या निजल्याच चमच्याने पाणी पाजले. अब्बांना ठसका लागला, आवाज घोगरा झाला आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत संसर्ग झाला होता. औषधाने तो उतरला, पण अम्मी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. सुनेने मात्र एक शब्द टाकून बोलले नाही. फोनवर नवऱ्यालाही "ताप आला होता, आता बरे आहेत" एवढेच सांगितले. अम्मींनी ते आतल्या खोलीतून ऐकले.

त्यानंतर त्यांनी प्रथमच विचारले, "मग त्यांना द्यायचं तरी कसं?" सून म्हणाली, "एकसारखं दाट हवं, अम्मी. चमचा तिरका केला की हळूहळू घसरेल असं. पेज चालत नाही, तिच्यात शीत वेगळं आणि पाणी वेगळं असतं." अम्मी क्षणभर थांबल्या. "म्हणजे नाचणीच्या सत्त्वासारखं!" सुनेला हे सुचले नव्हते. अम्मींनी नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढले आणि गुठळी न होऊ देता शिजवले. दवाखान्यात विचारून खात्री केल्यावर अब्बांनी ते ठसका न लागता घेतले.

पण चूक सुनेचीही होत होती. ठसक्याच्या धास्तीने तिने अब्बांना दिवसभर उशांना टेकवून अर्धवट बसते ठेवले होते. तसे बसलेला माणूस खाली घसरत राहतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. अंग पुसताना अम्मींना तिथे लाल चट्टा दिसला. आपल्या आईची सेवा त्यांनी केली होती, म्हणून त्यांनी बोटाने दाबून पाहिले. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल होते ती लाली साधी असते. ही पांढरी होईना. "इथे जखम व्हायला लागलीय, बेटा. चोळू नकोस, भार काढ," त्या म्हणाल्या. सून ओशाळली. तिने दवाखान्यात फोन केला, त्यांनीही तेच सांगितले. मग फक्त जेवणाच्या वेळी आणि नंतर अर्धा तास बसवायचे, एरवी पाठीशी उशी लावून किंचित कुशीवर ठेवायचे आणि दर दोन तासांनी कूस बदलायची असे ठरले.

रात्रीचे काय? सून एक वाजेपर्यंत जागू लागली. अम्मी तिला म्हणाल्या, "तीनला मी तहज्जुदला उठतेच, ती पाळी माझी. पाचची फजरला." वळवायला दोघींची ताकद लागे तेव्हा अम्मी हाक मारत, एरवी चादर ओढून कूस कशी बदलायची हे त्या सुनेकडून शिकल्या. औषधांची वही सुनेकडे, कातडीची पाहणी अम्मींकडे. आठवड्याभरात लाली ओसरली.

आता अब्बा काठी टेकत ओट्यावर येतात. बोलणे अजून स्पष्ट नाही. मुलगा रजेवर आला तेव्हा म्हणाला, "सुनेनं केलं ते तिचं कर्तव्यच होतं." अम्मींनी त्याला तिथेच थांबवले. "तिच्यावर हे फर्ज नव्हतं. बाप तुझा आहे, फर्ज तुझं होतं. तिनं केलं तो एहसान आहे, तो एहसान म्हणूनच लक्षात ठेव."

सून स्वयंपाकघरात होती. तिने तो शब्द ऐकला. सालनातल्या मिठावरून त्या दोघींचे अजूनही जमत नाही, हे त्या दोघींनीच आम्हाला हसत सांगितले. पण आता मीठ टाकण्याआधी त्या एकमेकींना विचारतात.